पहिल्या वर्षी हातात काय उरतं

“काका, बीए झालं. घरी चार एकर कोरडवाहू आहे. विम्याची एजन्सी घेऊ की जमिनीची दलाली करू? दोन्हीत पगार नाही म्हणतात. पहिल्या वर्षी महिन्याला खरंच किती सुटतात ते सांगा.”

तुम्ही विचारलंत म्हणून आधी आकडाच सांगतो. विम्यात पहिल्या वर्षी सगळा खर्च वजा जाता महिन्याला हजार रुपयेही न सुटलेली पोरं मी जास्त पाहिली आहेत. दलालीत वर्षभर काहीच नाही आणि एखाद्या सौद्यात एकदम पंधरा-वीस हजार, असं चालतं. मी दारव्हा तालुक्यात २००८ पासून आयुर्विम्याचं काम करतो आणि मधली दोन वर्षं जमिनीची दलालीही केली आहे. काम करू नका असं मला म्हणायचं नाही. पण घरात दुसरा पैसा नसेल तर या पहिल्या वर्षात पोरगा कर्जात जातो, आणि ते मला पाहवत नाही.

शेजारच्या गावचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी एजंट झाला. मी त्याला दोनशे पानी वही घ्यायला लावली. डाव्या पानावर कोणाचा हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला ते, आणि उजव्या पानावर खर्च, अगदी ठेल्यावरच्या चहासकट. त्याला विचारूनच त्या वहीतले आकडे इथे देतो.

पहिल्या वर्षात त्याने अठरा पॉलिसी केल्या. नव्या माणसासाठी हे काम वाईट नाही. त्यातल्या आठ वार्षिक हप्त्याच्या होत्या, त्यांचे १,१२,००० रुपये आले. चार सहामाही आणि सहा तिमाही होत्या. सगळ्यांचा वर्षाचा प्रीमियम जोडला तर २,२०,००० होतो. कंपनीकंपनीचा आणि योजनेयोजनेचा कमिशनचा तक्ता वेगळा असतो, लांब मुदतीच्या बचतीच्या पॉलिसीला पहिल्या वर्षी मी हिशेबाला शंभरामागे पंचवीस धरतो. (एकरकमी पॉलिसीत हेच शंभरामागे दोनच्या आसपास येतं, त्यामुळे मोठा चेक पाहून हुरळून जाऊ नका.) म्हणजे कागदावर ५५,००० कमिशन झालं. एजन्सी द्यायला आलेले साहेब फळ्यावर मांडतात तो हिशेब इथेच थांबतो. त्यांची स्वतःची बढती आणि प्रोत्साहन भत्ता तुमच्या धंद्यावर असतो, हे ऐकताना लक्षात ठेवा.

कमिशन ठरलेल्या प्रीमियमवर मिळत नाही, जमा झालेल्या प्रीमियमवर मिळतं. सहामाहीवाल्यांपैकी एकाने दुसरा हप्ता भरलाच नाही. तिमाहीवाल्या सहांपैकी दोघांनीच चारही हप्ते भरले, बाकीचे दोन हप्त्यांवर थांबले. प्रत्यक्षात आले १,९४,००० आणि त्यावर कमिशन झालं ४८,५००. त्यातून टीडीएस कापला गेला. तो विवरणपत्र भरलं की परत मिळतो, म्हणून खर्चात धरत नाही, पण तोवर पैसा अडकतो.

आता उजवं पान. परीक्षा, फोटो, कागदपत्रं आणि त्यासाठीच्या चकरा, १,२००. पेट्रोल वर्षाचं २०,१६०. हा आकडा ऐकून तो स्वतःच चमकला होता. पण रोज चाळीस किलोमीटर, महिन्यात वीस दिवस, गाडीचं अ‍ॅव्हरेज पन्नास आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं की तेवढंच येतं. टायर, चेन आणि सर्व्हिसिंग ४,५००. मोबाईलचा रिचार्ज ३,६००. दिवाळीच्या डायऱ्या, कॅलेंडर, चहा आणि लग्नातले आहेर ५,०००. शेवटची ओळ ४,००० रुपयांची आहे. लोकांच्या पॉलिसी बंद पडू नयेत म्हणून त्याने खिशातून भरलेले आणि परत न आलेले हप्ते. एकूण ३८,४६०. ४८,५०० मधून हे वजा केले तर वर्षाचे १०,०४० उरतात, म्हणजे महिन्याला ८३७ रुपये.

त्या शेवटच्या ओळीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण बहुतेक जण तिथेच बुडतात. आपल्याकडे हप्ता चुकतो तो माणूस लबाड असतो म्हणून नाही. पैसा येण्याचा महिना आणि हप्त्याचा महिना जुळत नाही म्हणून चुकतो. या मुलाने बऱ्याच पॉलिसी मे-जूनमध्ये केल्या, कारण एजन्सी नवी होती आणि उत्साह होता. पॉलिसी ज्या तारखेला सुरू होते तीच पुढे दरवर्षी हप्त्याची तारीख ठरते. जूनमध्ये शेतकऱ्याचा रुपया न् रुपया बियाणं आणि खतात असतो. ऑगस्टमध्ये निंदण-फवारणी चालू असते. मी एकदा त्याच्यासोबत गेलो होतो. माणूस पऱ्हाटीत डवरणी करत होता. त्याने जोडी थांबवली, धुऱ्यावर येऊन आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाला, “आता नाही जमत गा भाऊ. कापूस इकू दे, मंग पाहू.” तो खोटं बोलत नव्हता. पण तिमाही हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते आणि कापूस घरात यायला तेव्हा तीन महिने होते.

अशा वेळी एजंट खिशातून भरतो. मीही भरले आहेत. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्या हिवाळ्यात मी नऊ जणांचे हप्ते भरले आणि चौघांचेच परत आले. मागायला कोणत्या तोंडाने जायचं? आणि नाही भरला तर दुसरी भीती असते. बंद पडलेल्या पॉलिसीचा माणूस गेला, तर पैसे न मिळालेलं घर रोज तुमच्या डोळ्यासमोर राहतं. म्हणून हा प्रश्न पॉलिसी करतानाच सोडवायचा. कोरडवाहू शेतकऱ्याची पॉलिसी डिसेंबर ते फेब्रुवारीत करा, आणि वार्षिक हप्त्याचीच करा. कापूस, तूर विकून हातात पैसा असतो, तेव्हा तो स्वतः विचारत येतो. हप्ता किती बसवायचा हेही तेव्हाच ठरवा, बारा हजार झेपत असतील तर वीस हजारांची पॉलिसी गळ्यात मारू नका. अशी मारलेली पॉलिसी कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, आणि तुमचं कमिशन त्यासोबत परत जातं.

“पहिला हप्ता तूच भर” किंवा “कमिशनमधले अर्धे दे” असं म्हणणारेही भेटतील. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणं गुन्हा आहे, दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण दंडाचं जाऊ द्या. एकाला दिलेली सूट बाजाराच्या दिवशी अख्ख्या गावाला कळते आणि पुढचा प्रत्येक जण तेवढ्यापासूनच बोलणं सुरू करतो.

आता दलाली. इथेही कागदावरचा पैसा आणि हातातला पैसा यांचंच अंतर आहे, फक्त जास्त मोठं. मी केलेला एक सौदा सांगतो. तीन एकर, बारा लाख एकरी, म्हणजे छत्तीस लाखांचा. दोन्हीकडून एक-एक टक्का ठरला, म्हणून बहात्तर हजार. पण विकणाऱ्याला ओळखणारा एक, घेणाऱ्याला आणणारा दुसरा, मधला तिसरा आणि मी चौथा. वाट्याला आले अठरा हजार, तेही सात महिन्यांनी. त्या सात महिन्यांत मी आणखी पाच पार्ट्यांना शेतं दाखवली आणि त्यातल्या एकाचीही दलाली मिळाली नाही. त्या पाचांचं पेट्रोल याच अठरा हजारांतून गेलं.

त्यातले चार का जमले नाहीत, ते आधी पाहता आलं असतं. एका ठिकाणी इसार झाल्यावर कळलं की वडिलांच्या मागे दोन बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत आणि त्यांनी हक्कसोडपत्र केलेलंच नाही. दुसरी जमीन भोगवटादार वर्ग दोनची निघाली, ती परवानगीशिवाय विकताच येत नाही. तिसऱ्यात नागपूरचा नोकरदार घेणारा होता, पण तो शेतकरीच नव्हता. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, त्यातही शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकायला बंदी आहे. चौथ्याला रस्त्याकडेची दहाच गुंठे कोरडवाहू हवी होती, आणि जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा लहानात लहान तुकडा, वीस गुंठे आहे. म्हणून शेत दाखवायला गाडी काढण्याआधी सातबारा, जुने फेरफार आणि घेणाऱ्याचा स्वतःचा सातबारा, हे तीन कागद पाहायचेच. पाचवा सौदा मात्र जमला होता. घेणारा आणि विकणारा माझ्या मागे तहसिलीत परस्पर भेटले आणि मला खरेदी झाल्यावर कळलं. दलालीचं लेखी काहीच नव्हतं. साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्याशिवाय आता मी धुरा दाखवत नाही.

तालुक्याच्या गावाला लेआउटमधले प्लॉट विकायचे असतील तर प्रकल्प महारेरात, म्हणजे घर-प्लॉटच्या धंद्यावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असतो आणि एजंटलाही नोंदणी लागते. वीस तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि एकट्या माणसाला दहा हजार रुपये नोंदणी फी, पाच वर्षांसाठी. लेआउटवाला “नोंदणीचं पाहू नंतर, तू गिऱ्हाईक आण” म्हणाला तर तिथे थांबू नका. आणि कमिशन बुकिंगवर मिळणार की गिऱ्हाइकाचे हप्ते येतील तसं, हे आधी लिहून घ्या. बहुतेकदा दुसरंच असतं.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. चार एकर सोडू नका, त्यावर घर चालू द्या, आणि त्यासोबत विम्याची एजन्सी घ्या. दलाली पहिल्या दोन वर्षांत नको. एजन्सी घेण्याआधी वर्षभराच्या पेट्रोलचे आणि फोनचे पंचवीस हजार बाजूला असू द्या, ते कर्जाचे नकोत. मग पन्नास नावं लिहा. केवळ तुमच्या भिडेखातर घेतील ती खोडा, ज्यांच्यावर पीककर्ज थकलेलं आहे ती खोडा, ज्यांच्या घरात आधीच कोणी एजंट आहे ती खोडा. माझ्या अनुभवात उरलेल्या पाचांमागे एक पॉलिसी होते. वीसही नावं उरली नाहीत तर यंदा थांबा.

त्या मुलाने दुसऱ्या वर्षी पॉलिसीच्या वर्षपूर्तीला तिघांचे तिमाही हप्ते वार्षिक करून घेतले. पेट्रोल अर्ध्यावर आणलं, कारण आता तो एका दिवशी एकाच बाजूची गावं करतो. जुन्या पॉलिसींचे १,६०,००० टिकून आले, त्यावर साडेसात टक्क्यांनी १२,००० मिळाले, नवा माणूस न शोधता. नव्या पॉलिसी अकराच केल्या, पण त्यातल्या नऊ जानेवारीतल्या आहेत. उजव्या पानावरची खिशातून भरलेल्या हप्त्यांची ओळ या वर्षी कोरी आहे.