दीडशे पानं धरली आहेत

केटररचा मेसेज तसा रुक्षच असतो. "नमस्कार. शनिवारचा कार्यक्रम 7 ऐवजी 8:30 ला. वाढप 9 ला सुरू. पानं 150 धरली आहेत. बदल असल्यास बुधवारी संध्याकाळी 6 पर्यंत कळवा. त्यानंतर कमी करता येणार नाहीत." ना शुभेच्छा, ना फुलांची चित्रं. मला मात्र यातलं एकेक वाक्य मोलाचं वाटतं, कारण प्रत्येकामागे कुणाचं तरी काम अडलेलं असतं.

यजमानाला वाटतं, कार्यक्रम दीड तास पुढे गेला, एवढंच. स्वयंपाकघरात वेळ उलटी मोजतात. नऊला पहिलं पान वाढायचं, तर साडेआठला सगळं मांडून तयार हवं, आणि गाडी त्याच्याही आधी निघायला हवी. शिजवून ठेवलेलं अन्न वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर गरम राहायला हवं, म्हणून चूलही उशिरा पेटते. मागचं टोक मात्र हलत नाही. हॉल रिकामा करायची वेळ तीच असते, त्यामुळे आवराआवरीचा दीड तास गायब! मेसेज आला की आधी हॉलवाल्याला फोन करावा, तो याचसाठी.

आता आकडा. बुधवारनंतर वाढप्यांची माणसं ठरलेली असतात, माल भरलेला असतो. त्यामुळे 150 कळवून 128 जण आले, तरी बिल साधारणपणे 150 चंच होतं. उलट 165 आले, तर बिल 165 चं होतं आणि जेवण मात्र पुरेलच असं नाही. केटररने पाच टक्के जास्तीचं धरलं असेल, तर सात-आठ पानं निघतात; बाकीच्या सात-आठ जणांना आपण काय सांगणार? फोटोवाले आणि ड्रायव्हर हमखास याच यादीतून निसटतात. तेही जेवतात हो.

आणखी एक गंमत आहे. 150 हा आकडा सातच्या कार्यक्रमाचा होता. साडेआठ म्हटल्यावर तान्ही मुलं असलेले कदाचित येणार नाहीत, आणि उशिरा कामावरून सुटणारे, आधी नाही म्हणालेले, आता येऊ शकतील. वेळ बदलली की जुनी यादी शिळी होते; केटरर ते विचारत नाही, ते त्याचं कामही नाही. पाहुण्यांना नवी वेळ कळवून सोमवारपर्यंत उत्तर मागावं, म्हणजे मंगळवार उत्तर न देणाऱ्यांच्या मागे लागायला मोकळा राहतो.

एवढं सगळं करून पुष्कळ यजमान त्या मेसेजवर नुसता अंगठा टेकवतात. तो अंगठा वाचल्याचा की मान्य असल्याचा, हे भांडण शनिवारी रात्री करायचं नसेल, तर एक ओळ टाइप करावी: "कार्यक्रम 8:30, वाढप 9 ला, पानं 146, त्यात फोटोवाले धरून. मान्य." केटररचं उत्तर बहुधा "ओके" एवढंच येतं.