राउटर-पॅक अपडेट: 10,400 एमएएच गेले कुठं?

मंडळी, राउटरचा पॅक जोडून झाला, पण पहिल्याच डिस्चार्ज टेस्टला सव्वातीन तासांत गार पडला. चार 18650 सेल पॅरलल, प्रत्येकी 2600 एमएएच, पुढं 12 व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर. राउटर 0.8 अँपिअर खातो. राजारामपुरीतल्या दोस्तानं 10.4 भागिले 0.8 केलं आणि निकाल दिला, “तेरा तास पाहिजेत. सेल डुप्लिकेट हैत भावा!”

सेल तर मी जोडण्याआधी एकेक टेस्टरवर चढवले होते, सगळे 2550 च्या वर. म्हणून दोन मीटर लावले, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. सेलकडून गेले 10.2 अँपिअर-अवर, राउटरला पोचले फक्त 2.7. बघणाऱ्याला वाटेल पाऊण माल वाटेतच गळाला. पण कन्व्हर्टर तर नुसता कोमट!

त्याच मीटरचा वॅट-अवरचा आकडा बघा. सेलकडून सरासरी 3.6 व्होल्टला 10.2, म्हणजे सुमारे 36.7 वॅट-अवर. पलीकडं 12 गुणिले 2.7, सुमारे 32.4. गळती बारा टक्क्यांच्या आसपास, या किमतीच्या बूस्टला ठीकच. एमएएच सांगतो चार्ज किती वाहिला. तो किती व्होल्टला वाहिला हे त्यात नसतं. 3.6 चे 12 व्होल्ट करायचे तर सेलकडून तिपटीहून जास्त करंट ओढावा लागणारच. दोस्ताच्या भागाकारात वर 3.6 व्होल्टचे अँपिअर-अवर होते आणि खाली 12 व्होल्टचे अँपिअर.

त्याच्या 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरच्या लेड बॅटरीवर राउटर माझ्या दुप्पट चालतो, तो याचमुळं. 7000 आणि 10,400 शेजारी ठेवले तर माझा पॅक मोठा. वॅट-अवरमध्ये त्याची 84, माझा लेबलच्या 3.7 व्होल्टनं 38.5. अर्थात त्याचे 84 सगळे मिळत नाहीत. ते 7 अँपिअर-अवर वीस तासांच्या मंद डिस्चार्जवर मोजलेले असतात, आणि रोज तळापर्यंत उपसली तर लेड बॅटरी लवकर मरते.

आता हेच चार सेल सिरीजमध्ये लावतो. आकडा 2600 एमएएच, 14.8 व्होल्ट, वॅट-अवर तेच 38.5. वेळ फारसा वाढणार नाही, पण सेलकडचा तीन अँपिअरचा करंट पाऊण अँपिअरवर येईल आणि निकेल पट्ट्या तापणार नाहीत. शाहूपुरीत त्या पट्ट्या “प्युअर निकेल” म्हणून मिळाल्या, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या तर सकाळी गंज. लोखंडच!

थांबा, चार सिरीजमध्ये पण गोची आहे. सेल 3 व्होल्टला आले की पॅक बरोबर 12 वर, आणि आता बूस्टच्या जागी येणाऱ्या, व्होल्ट उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरला इनपुट थोडं जास्त लागतं. शेवटचा घास ताटातच राहणार. मग पाच सिरीज, दोन पॅरलल: दहा सेल, 96 वॅट-अवर, तळाला 15 व्होल्ट. चारचा बीएमएस मागवलाय, तो कुणाला हवा असेल तर सांगा. पाचचा बॅलन्सवाला कुणी वापरलाय का?