भिंत बद्द वाजली तेव्हा

सांगलीत आम्ही राहत्या घरावर मजला चढवला. मार्चमध्ये आतलं प्लास्टर झालं, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पेंटर पुट्टीसाठी आला. त्याने पहिल्या दिवशी डबा उघडलाच नाही. पत्र्याची पट्टी हातात घेऊन तिच्या मुठीने हॉलची भिंत ठोकत तो एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला आणि मला हाक मारली. "सर, जरा ऐका." खिडकीच्या वर त्याने दोनदा ठोकलं, मग हातभर बाजूला दोनदा. दुसरा आवाज खणखणीत होता. पहिला बद्द. बाजारात माठ घेताना आई बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि तडा गेलेला माठ बाजूला ठेवायची, तोच आवाज. "हे पोकळ आहे. यावर पुट्टी मारली तर वर्षभरात पुट्टीसकट खाली येईल."

त्या संध्याकाळी मी खडू घेऊन तिन्ही खोल्या ठोकून काढल्या. आवाज बदलेल तिथे खूण करायची आणि खुणा जोडून घ्यायच्या. रात्रीपर्यंत भिंतींवर नकाशे तयार झाले. सगळ्या खुणा तीनच ठिकाणी दाट होत्या: हॉलमधल्या बीमवर, पश्चिमेकडच्या भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात, आणि मागच्या खोलीच्या एका कोपऱ्यात खालच्या बाजूला. बेडरूममधल्या दोन लहान जागा सोडल्या तर बाकीच्या भिंती ठणठणीत होत्या. तोच मिस्त्री, तेच सिमेंट, तीच क्रश सँड, मग दोष या तीनच जागी का?

शेजारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कामात उपयोगी पडली. "वरून बघून काही कळणार नाही. ढलपा काढ आणि उलटा करून बघ. प्लास्टर कुठून सुटलं ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं." मी तिन्ही जागांहून एकेक ढलपा काढला आणि गच्चीवर ओळीने मांडला. तिघांच्या पाठी तीन तऱ्हेच्या निघाल्या.

बीमवरच्या ढलप्याची पाठ काचेसारखी गुळगुळीत होती. प्लायचे रेषारेषांचे ठसेसुद्धा त्यावर जसेच्या तसे उमटले होते. म्हणजे माल काँक्रीटला नुसता टेकला होता, धरला नव्हता. काकांनी उघड्या बीमवर ओंजळभर पाणी मारायला लावलं. काही ठिकाणी ते पसरलं आणि काही ठिकाणी अळूच्या पानावर राहतं तसं थेंबाथेंबाने गोळा झालं. ते शटरिंगचं तेल. सेंट्रिंगच्या फळ्या सहज सुटाव्यात म्हणून लावतात ते तेल काँक्रीटच्या अंगावर राहतं, आणि जे फळीला चिकटू देत नाही ते प्लास्टरलाही चिकटू देत नाही. त्यात काँक्रीट विटेसारखं पाणी पीत नाही. तिथे पकड मिळायची तर खडबडीतपणामुळेच, आणि आमच्या बीमवर एकही टोचा मारलेला नव्हता.

पश्चिमेच्या भिंतीच्या ढलप्याची पाठ खडबडीत होती, विटांच्या सांध्यांची नक्षीही होती, पण अंगठ्याने घासल्यावर राखाडी भुकटी हाताला लागली. पुढची बाजू नखाला दाद देत नव्हती आणि पाठ मात्र ओल्या बिस्किटासारखी. मार्च संपता संपता सांगलीत दुपारी भिंतीला हात लावून बघा, चटका बसतो. त्या भिंतीवर काम दुपारी झालं होतं आणि पाणी मारलं होतं ते माल लावण्याआधी पाच मिनिटं, तेही खालच्या निम्म्या भागावर. बादली पोहोचत होती तिथपर्यंत.

प्लास्टर विटेला चिकटतं कसं, हे मला तेव्हा नीट समजलं. वीट मालातलं थोडं पाणी ओढते. त्या पाण्याबरोबर सिमेंटचा बारीक भाग विटेच्या छिद्रांत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. ती त्याची मुळं. वीट तहानलेली असेल तर पहिल्या मिनिटातच सगळं पाणी पिऊन टाकते. मग विटेला लागून असलेल्या थरातल्या सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही आणि त्याची भुकटी होते. उलट, माल लावण्याच्या क्षणी विटेवरून पाणी ओघळत असेल तर छिद्रं आधीच भरलेली असतात, ओढ राहत नाही आणि माल घसरतो. वीट आतून ओली आणि वरून कोरडी दिसणारी हवी. ओळखायला सोपं आहे. विटेवर पाण्याचा शिंतोडा मारायचा. डोळ्यादेखत गडप झाला तर अजून पाणी हवं. चकाकत राहिला तर थांबायचं.

तिसऱ्या ढलप्यापाशी मात्र मी थबकलो, कारण तो ढलपा नव्हता, फरशीच होती. पट्टी लावली तर जाडी ३४ मिलिमीटर. कोपऱ्यात ओळंबा सोडल्यावर कारण कळलं. दहा फूट उंचीत भिंत २२ मिलिमीटर आत गेली होती. वर १२ मिलिमीटरचा योग्य थर द्यायचा आणि भिंत ओळंब्यात आणायची, तर खाली ३४ येणारच. चूक जाडीत नव्हती. चूक ही, की ते ३४ मिलिमीटर एका दमात भरले होते.

एक चौरस मीटर प्लास्टर १२ मिलिमीटर जाडीचं असेल तर त्याचं वजन साधारण २५ किलो होतं. ३४ मिलिमीटर झालं की ते सत्तर किलोच्या घरात जातं. ओला असताना हा सगळा भार भिंतीला नुकत्याच चिकटू लागलेल्या कातडीएवढ्या थरावर लटकतो. माल किंचित खाली बसतो, आणि त्याच्या मागे बारीकशी फट राहते, जी बाहेरून कधीच दिसत नाही. पुढचा त्रास वाळताना होतो. सिमेंटचा माल वाळताना आकसतो. पातळ थराचं आकसणं भिंत धरून ठेवू शकते. जाड थर जास्त जोराने ओढतो, शिवाय त्याची पुढची बाजू आधी सुकते आणि पाठ ओली राहते, त्यामुळे उन्हात ठेवलेल्या पापडासारख्या कडा उचलायला लागतात. म्हणून पोकळपणा पहिल्या दिवशी सापडत नाही, काही आठवड्यांनी सापडतो. पाणी मारून करायचं क्युरिंग तीनच दिवस झालं होतं, त्यामुळे पकड यायच्या आधीच ओढ सुरू झाली असणार.

जुन्या मिस्त्रीशी मी भांडलो नाही. बोलावलं, ढलपे दाखवले. तो बराच वेळ बीमवरचा ढलपा हातात घेऊन बसला. म्हणाला, "टोचे मारायला बिगाऱ्याला सांगितलं होतं, वर चढून बघितलं नाही." दुरुस्ती त्यानेच केली, आणि या वेळी मी रजा काढून समोर उभा राहिलो.

आधी कडा. पोकळ भागावर थेट हातोडा घातला की हादऱ्याने शेजारचं चांगलं प्लास्टरही सुटतं. म्हणून खुणेच्या चार बोटं बाहेर ग्राइंडरने चौकोनी काप घेतला आणि मग छन्नीने आतलं काढलं. बीम तारेच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून धुतला, पाणी पसरायला लागेपर्यंत. मग टोचे, दोन टोच्यांत इंचाहून जास्त अंतर नाही. पुन्हा धूळ धुतली. शेवटी सिमेंटमध्ये बाँडिंगचं केमिकल डब्यावरच्या प्रमाणात मिसळून ब्रशने स्लरी लावली. इथे एक चूक होता होता राहिली. पूर्ण बीमला स्लरी लावून मंडळी चहाला निघाली होती. मी थांबवलं. स्लरी ओली आहे तोवरच माल बसला पाहिजे. वाळली तर ती जोडण्याऐवजी मधे पडदा होऊन बसते आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. मग तीन तीन फुटांचे तुकडे केले: एक जण स्लरी लावत पुढे, दुसरा मागोमाग माल मारत. बीम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट जाईल अशी चिकन मेश खिळ्यांनी ताणून बसवली.

पश्चिमेच्या भिंतीचे सांधे बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खरवडून घेतले. आदल्या संध्याकाळी भिंत वरून खालपर्यंत भिजवली, सकाळी पुन्हा हलकं पाणी मारलं, आणि अकराच्या आत काम संपवलं. माल थापून पसरायचा नाही, थापीने जोरात मारायचा. त्या फटक्याने मागची हवा निघते आणि माल सांध्यांत घुसतो. मारलेला माल नीट बसतोय की नाही हे त्या "थप्प" आवाजावरूनच कळू लागतं.

कोपरा दोन थरांत केला. पहिला थर एकास चारचा, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, जास्तीत जास्त १५ मिलिमीटर. तो थोडा घट्ट झाल्यावर त्यावर खिळ्याने आडव्या नागमोडी रेघा ओढल्या, पाच दिवस पाणी मारलं, आणि दोन दिवस तसाच राहू दिला, म्हणजे त्याचं आकसणं बरंचसं उरकून जातं. मग पुन्हा ओलावून उरलेली जाडी एकास सहाच्या मालाने भरली. वरचा थर आतल्यापेक्षा कडक असू नये. कडक असेल तर तो जास्त आकसतो आणि आतल्याला ओढून काढतो.

हाच नियम रंधा फिरवताना मोडला जाताना मी पाहिला. पृष्ठभाग ओला वाटला म्हणून पोराने मूठभर कोरडं सिमेंट भिंतीवर उडवलं. पाणी शोषलं जातं, घोटाई झटपट होते, पण वर कागदाएवढा निव्वळ सिमेंटचा पापुद्रा तयार होतो. पुढे पुट्टी त्या पापुद्र्यासकट सुटते आणि दोष पेंटरच्या माथी जातो. तेवढा भाग खरवडून पुन्हा करायला लावला.

क्युरिंग पूर्ण सात दिवस, दिवसातून तीनदा. भिंतींवर गोणपाट टांगले, कारण उघड्या भिंतीवर मारलेलं पाणी मेच्या उन्हात अर्ध्या तासात उडतं.

सगळंच मात्र तोडलं नाही. बेडरूममध्ये तळहाताएवढ्या दोन जागा बद्द वाजत होत्या, चीर नव्हती, दाबल्यावर हलत नव्हत्या. काका म्हणाले, भिंतीवरचं असं राहू दे, छताला असतं तर एवढंही ठेवू दिलं नसतं, कारण तिथलं डोक्यावर येतं. त्या दोन्ही जागांभोवती पेन्सिलने रेघ मारून मी मोजमाप आणि तारीख वहीत लिहिली. रंग देऊन आता दीड पावसाळा झाला. दर दोन महिन्यांनी नाण्याने ठोकून बघतो. एक होती तेवढीच आहे. दुसरी खिडकीच्या बाजूला दोन बोटं वाढली आहे. या दिवाळीनंतर तिथे ग्राइंडर लावायचा.