कृष्णेच्या उपनद्या आकृतीतून पक्क्या करताना

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करताना नद्यांवरचे प्रश्न बहुधा असे भेटतात: उपनद्यांचा उगमाकडून मुखाकडे क्रम लावा, किंवा उजव्या तीरावरची नदी ओळखा. पानभर नावं वाचून माझ्या लक्षात काही राहत नाही. रेघ आणि तिला येऊन मिळणारी दुसरी रेघ मात्र राहते. म्हणून इथे कोल्हापुरात अभ्यासिकेत बसून हा भाग मी छोट्या अ‍ॅनिमेटेड व्हिडिओंवरून आणि हाताने काढलेल्या आकृत्यांवरून केला.

व्हिडिओ सलग बघितला की सगळं समजल्यासारखं वाटतं, पण तासाभराने कोरा कागद पुढे घ्यावा तर पेन अडतं. पडद्यावरचं चित्र पुढे सरकतं आणि आधीचं पुसलं जातं, हे त्याचं कारण. त्यामुळे मी प्रत्येक संगमाला व्हिडिओ थांबवायचो. महाबळेश्वरला उगम, तिथून खाली रेघ. कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. संगमाचं गाव रेघेला चिकटूनच लिहायचं, बाजूला वेगळी यादी करायची नाही. यादी केली की डोळा पुन्हा वाचायला लागतो. मग मोबाईल उलटा ठेवून तीच आकृती मनाने काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पेन जिथे अडेल तेवढाच तुकडा परत बघायचा.

खरी गोम तीराची आहे. साताऱ्या-सांगलीकडे कृष्णा ढोबळमानाने दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे पश्चिमेकडून येणारी कोयना नकाशात डावीकडे दिसते. पण ती उजव्या तीरावरची उपनदी. तीर ठरतो तो प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहिल्यावर. मी रेघेवर बाण काढायचो आणि बाणाचं टोक माझ्यापासून लांब जाईल अशी वही फिरवायचो. मग कोयना, वारणा, पंचगंगा आपोआप उजव्या हाताला येतात आणि येरळा डाव्या. वही चार-सहा वेळा फिरवली की पुढे ती मनातल्या मनात फिरते.

पंचगंगेची आकृती आपल्या भागातली, म्हणून जास्त जीव लावून काढली: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी सरस्वती तुटक रेघेने, कारण ती गुप्त मानतात. प्रयाग चिखलीचा संगम आपण जाऊन बघू शकतो, हे केवढं भाग्य!

पण आकृतीत सगळं मावत नाही. क्रम, दिशा, कोण कुणाला मिळतं, हे चित्रात बसतं. कृष्णेची लांबी सुमारे १४०० किलोमीटर, हा आकडा रेघेवर लिहिला तरी तो आकडाच राहतो. तो पाठच करावा लागला. राज्यघटनेतली कलमंही तशीच. धनविधेयकाचा प्रवास मात्र बाणांनी छान बसला: लोकसभा, राज्यसभेत जास्तीत जास्त १४ दिवस, मग राष्ट्रपती. कलमांच्या क्रमांकांसाठी मी वेगळी चिठ्ठ्यांची गड्डी केली आणि तिथे व्हिडिओ शोधणं सोडून दिलं.