मेणाचा हात साबणासारखा का दिसत होता

पर्वरीच्या आमच्या छोट्या ऑफिसात मागच्या मे महिन्यात एक दिवस असा गेला की तो मी अजून विसरलेलो नाही. काम होतं फोनवर चालणाऱ्या एका सीनचं. जुन्या गोंयकार घराचा बलकाव म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, दुपारचं कलतं ऊन, एक म्हातारी बाय बसलेली, तिच्या हातात नवसाचा मेणाचा हात आणि कठड्याच्या बाहेर केळीची पानं. म्हणजे त्वचा, मेण आणि पान तिन्ही एकाच फ्रेममध्ये, आणि तिन्हींचा प्रॉब्लेम एकच. उजेड वरच्यावर परत फिरत नाही, आत शिरतो, इकडेतिकडे भटकतो आणि दुसरीकडूनच बाहेर पडतो. उजेड फक्त पृष्ठभागावरूनच परततो असं धरणारा साधा लँबर्ट शेडर लावला की तिन्ही प्लास्टिकची होतात.

सकाळी आमची आर्टिस्ट म्हणाली, "दादा, हा मेणाचा हात नाही हो, हा साबण आहे." बरोबर होतं तिचं. स्क्रीनवर त्वचेचा उजेड ब्लर करायची पद्धत मला माहीत होती पण तिला जास्तीचे पास आणि टेक्स्चर लागतात, ज्या फोनवर हे चालवायचं होतं तिथे तेवढी जागा नव्हती. म्हणून जे काही करायचं ते एका पिक्सेल शेडरमध्येच.

दुपारी जेवायच्या ऐवजी मी स्कूटर काढली आणि जुन्या गोव्याला गेलो. बॉम जीझस चर्चच्या बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात, त्यातला एक हात घेतला, तिथेच सावलीत उभा राहिलो आणि फोनचा टॉर्च त्याच्या मागे धरला. बोटांची टोकं पिवळी उजळली, बोटांच्या मुळाशी रंग नारिंगी झाला, तळहाताच्या मधोमध तांबूस काळोख. म्हणजे जाडी वाढते तसा उजेड नुसता कमी होत नाही, त्याचा रंगही बदलतो, कारण निळा आधी संपतो, मग हिरवा, लाल सगळ्यात लांब पोचतो. आमच्या शेडरमध्ये मी सरळ एक ठरलेला नारिंगी रंग गुणत होतो, म्हणून बोटाच्या टोकाला आणि तळहाताला एकच छटा येत होती.

ऑफिसात परत येऊन कॉलिन बारे-ब्रिसबुआ आणि मार्क बुशार यांनी 2011 च्या जीडीसीत, म्हणजे गेम डेव्हलपर्सच्या परिषदेत, दाखवलेली स्वस्त ट्रान्सल्युसन्सी, म्हणजे वस्तूतून आरपार येणारा उजेड, घेतली आणि रंगाचा भाग बदलला:

```
float3 H = normalize(L + N * 0.3);
float back = pow(saturate(dot(V, -H)), 4.0);
float3 tr = lightColor * back * exp(-sigma * depth);
```

`L` प्रकाशाकडे, `V` डोळ्याकडे. प्रकाशाची दिशा नॉर्मलने थोडी वाकवायची आणि आपण त्या दिशेच्या विरुद्ध बाजूला आहोत का ते बघायचं, बस. `sigma` म्हणजे उजेड आत किती लवकर विझतो ते, तीन चॅनेलला वेगळा, लालला कमी, निळ्याला जास्त, आणि तेवढ्यानेच टॉर्चसमोर बघितलेला पिवळा ते तांबूस प्रवास आला.

आता `depth` कुठून आणायचा? आर्टिस्टने मेशचे नॉर्मल उलटे करून अँबियंट ऑक्ल्युजन बेक केलं, म्हणजे रे आतल्या दिशेने जातात आणि किती जवळ आपटतात त्यावरून जाडी कळते. पहिला मॅप आला तो रंग उलटवल्यावर पूर्ण पांढरा. रे किती लांब जाऊ द्यायचे ते डीफॉल्टवर होतं, आणि बंद मेशच्या आत रे कुठे ना कुठे आपटणारच, त्यामुळे सगळं झाकलेलंच धरलं जात होतं. ते अंतर 2.5 सेंटीमीटर केलं, अंतराप्रमाणे कमी होणारा फॉलऑफ चालू केला आणि मग मॅपमध्ये बोटं पांढरी, तळवा काळपट असं खरं चित्र दिसलं. शेडरमध्ये `(1 - map)` ला त्याच 2.5 सेंटीमीटरने गुणलं की `depth`. मॅप एकसारखा पांढरा दिसला तर शेडरला हात लावायच्या आधी हे अंतर बघा.

सगळं जुळलं असं वाटलं, रन केलं, आणि मेणाचा हात ठार काळा.

दोन तास त्यात गेले. `back` रंग म्हणून दाखवला तर बरोबर, `depth` बरोबर, गुणाकारात मात्र शून्य. शेवटी त्याच गुणाकारातली शॅडो एकटी दाखवली तेव्हा कळलं. हाताची आपल्याकडची बाजू उन्हाच्या विरुद्ध आहे, मग शॅडो मॅपच्या दृष्टीने ती स्वतःच्याच सावलीत आहे! शॅडो खोटं बोलत नव्हती, फक्त तिला मेणातून उजेड येतो हे माहीत नव्हतं. केळीच्या पानावर तर त्याहून वाईट, पान कागदासारखं पातळ असल्यामुळे बायसप्रमाणे, म्हणजे सावली तपासताना सोडलेल्या बारीक अंतराप्रमाणे, कधी सावलीत कधी उन्हात, कॅमेरा हलला की पानावर पट्टे थरथरायचे.

ट्रान्सल्युसन्सीला शॅडो लावूच नये हा सोपा उपाय मी पाच मिनिटं ठेवून बघितला. भिंतीमागची पानंसुद्धा दिव्यासारखी पेटली, ते चालणारच नव्हतं. मग असं केलं:

```
float3 p = worldPos + L * depth * 1.3;
float sh = SampleShadow(p);
```

`SampleShadow` हे आमचंच फंक्शन. पॉइंट उन्हाच्या दिशेने त्या जागेच्या जाडीएवढा ढकलायचा, म्हणजे तो मेणाच्या पलीकडच्या उजळ बाजूला पोचतो, आणि तिथे सावली विचारायची. स्वतःची सावली गेली, भिंतीची राहिली. 1.3 यासाठी की मॅपमधली जाडी सगळ्या दिशांची सरासरी असते, एखाद्या दिशेला खरी जाडी जास्त निघाली तर काळे डाग राहतात. मर्यादाही इथेच आहे, हात जाडी नसलेल्या पातळ भिंतीला टेकवला तर पॉइंट भिंतीपलीकडे निघून जातो आणि उजेड गळतो. पानाला मॅपची जाडी नाहीच, तिथे ठरलेलं अर्धा सेंटीमीटर ढकललं आणि थरथर थांबली. पानाचा आरपार रंग मात्र वेगळा ठेवला. ऑफिसच्या मागच्या केळीखाली उभं राहून बघा, वरून काळपट हिरवं चकचकीत दिसणारं पान खालून पोपटी पिवळं असतं आणि मधली जाड शीर काळी उठून दिसते.

त्वचेला मी वेळ कमी दिला. बायच्या चेहऱ्यावर ऊन बाजूने येत होतं, म्हणून फक्त रॅप, म्हणजे उजेड सीमेपलीकडे थोडा वळवणं, `saturate((dot(N,L) + w) / (1 + w))`, लालला 0.3, हिरव्याला 0.1, निळ्याला 0.05. त्याने ऊन आणि सावलीच्या सीमेवर लालसर झाक येते. हिशेबाने `(1 + w)` च्या वर्गाने भागायला हवं, नाहीतर एकूण उजेड वाढतो, पण तसं केलं की उन्हासमोरच्या गालावर लाल कमी पडून चेहरा हिरवट आजारी दिसतो, म्हणून मी वाढीव उजेड चालवून घेतला. नाकाच्या शेंड्याला आणि कपाळाला एकच `w` द्यावा लागतो ही खरी उणीव, एरिक पेनरची 2011 ची प्री-इंटिग्रेटेड पद्धत तेवढ्यासाठीच वक्रता विचारात घेते, त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता.

एक गोष्ट राहिलीच. बायची बोटं मेणाच्या हातामागे आहेत, खऱ्यात त्या बोटांची पुसट सावली मेणातून दिसली असती. आमच्या पद्धतीत बोटं ढकललेल्या पॉइंटला झाकतात म्हणून सावली येते खरी, पण कडा धारदार, मेणाने पसरवलेली नाही. रात्री आठला आर्टिस्टने फोन हातात घेतला, टेबलावरचा विकत आणलेला हात त्याच्या शेजारी ठेवला आणि तिचं बोट नेमकं त्याच कडेवर गेलं. "दादा, ही एवढी मऊ होईल?" शॅडोचे चार सॅम्पल `depth` च्या प्रमाणात पसरवून घेतले, आणि मग आम्ही दिवे बंद करून निघालो.