पंचवीस की चोवीस? शिष्यवृत्तीसाठी घरी केलेली कार्डं

मुलगी पाचवीत शिष्यवृत्तीला बसली तेव्हा घरात पुस्तकं भरपूर होती, पण एक गोष्ट लक्षात आली. ‘परिमिती व क्षेत्रफळ’ असं शीर्षक वर असलं की त्याखालची गणितं ती सटासट सोडवायची. तेच गणित सराव प्रश्नपत्रिकेत मध्येच आलं की अडायची. शीर्षकावरूनच तिला रीत कळत होती. प्रश्नपत्रिकेत ते शीर्षक नसतं. शिवाय पहिल्या पेपरात गणित आणि दुसऱ्यात बुद्धिमत्ता असली, तरी काही प्रश्न दोन्हीकडे शोभतील असेच असतात.

म्हणून अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणले, पत्त्यांएवढे तुकडे केले आणि पाठ्यपुस्तकांतली गणितं त्यांवर उतरवायला घेतली. सगळे तुकडे मुद्दाम पांढरेच ठेवले. गणिताला पिवळा, बुद्धिमत्तेला निळा केला असता तर रंगच शीर्षकाचं काम करू लागला असता. धडा आणि पान क्रमांक मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

सगळ्यात जास्त कामाला आला तो एकाच जातीचा गठ्ठा. आमच्या घरी त्याचं नाव पडलं ‘एक कमी की एक जास्त’. रस्त्याकडेची झाडं, मैदानाभोवतीचे खांब, दोरीचे तुकडे, रांगेतली मुलं, तारखा. धडे वेगवेगळे, पण गोम एकच: मोजायचं काय, वस्तू की त्यांमधल्या जागा?

एक कार्ड असं होतं. आयताकृती मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. चारही कोपऱ्यांवर आणि कडेने दर ५ मीटरवर एक खांब. एकूण खांब किती? पर्याय: २३, २४, २५, २८.

परिमिती १२० मीटर, भागिले ५, म्हणजे २४ जागा. फिरून आपण पहिल्याच खांबाशी येतो, म्हणून खांबही २४च. हेच अंतर सरळ रस्त्यावर असतं आणि दोन्ही टोकांना खांब असते, तर २५ झाले असते. १२० मीटर दोरीचे ५-५ मीटरचे तुकडे करायचे असते, तर काप २३ पडले असते.

खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर होती. कुठलेही तीन आकडे टाकले तर मूल अंदाजाने वगळतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. इथे २५ निवडलं तर सरळ रस्त्याची रीत गोल फेरीला लावली. २८ निवडलं तर प्रत्येक बाजू वेगळी मोजली, ९ अधिक ५ अधिक ९ अधिक ५, आणि कोपरे दोनदा धरले. २३ म्हणजे दोरीची रीत इथे आली. तिने निवडलेला पर्याय मी कार्डामागे पेन्सिलीने टिपत गेलो. २८ लवकर गेलं, कारण आकृती काढली की कोपरा दिसतो. २५ मात्र बरेच दिवस चिकटून राहिलं.

‘‘बाबा, शेवटचा खांब राहिला ना?’’

‘‘कुठे राहिला, दाखव.’’

मग ती कागदावर बोट फिरवत पहिल्या खांबावर परत यायची आणि गप्प व्हायची. समजावण्यापेक्षा ते बरं. आकडे लहान घेऊन, १० मीटर बाजूचा चौरस आणि दर ५ मीटरला खांब, असं काढायला लावलं की आठ खांब डोळ्यांनी मोजता येतात.

रांगेच्या कार्डांना एक वेगळी काळजी लागते. ‘समीर डावीकडून १४वा, नेहा उजवीकडून ९वी, दोघांमध्ये ५ मुलं, एकूण किती?’ याची उत्तरं दोन निघतात. समीर नेहाच्या डावीकडे असेल तर १४ + ५ + ९, म्हणजे २८. उजवीकडे असेल तर १४ + ९ मधून ५ आणि ते दोघे वजा, म्हणजे १६. पाचवीच्या प्रश्नाला बरोबर पर्याय एकच असायचा. म्हणून कोण कोणाच्या डावीकडे हे कार्डावर लिहायचं, नाहीतर १६ पर्यायांतच ठेवायचं नाही.

एका बैठकीत दहा-बाराच कार्डं, पिसून. पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. पण घड्याळ अगदी शेवटी लावलं. ज्या धड्याची रीतच बसलेली नाही त्याचं कार्ड गठ्ठ्यात घालण्यात अर्थ नसतो. मुलगी नुसती भांबावते आणि आपला आवाज चढतो.

आकृत्यांच्या प्रश्नांना मात्र ही हस्तकला चालली नाही. आरशातली प्रतिमा किंवा घडी घातलेला कागद मी काढला की चारही पर्याय चुकीचेच दिसायचे. ते जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्समधून कापून चिकटवले.