सेकंदाला चित्रं किती?

आमच्या वाचनालयाच्या बाल प्रश्नमंजूषेत यंदा ॲनिमेशनच्या फेरीचे प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं. पेंग्विनची ‘पिंगू’ आणि मेंढीची ‘शॉन द शीप’ या बाहुल्या जराजरा हलवून, दर वेळी फोटो काढून केलेल्या मालिका मुलांना पाठ असतात, त्यामुळे विषय सोपा वाटला होता. पण जुने प्रश्नसंच चाळले, तर सगळीकडे तोच प्रश्न: ‘पिंगू कशापासून बनवतात?’ उत्तर: ‘माती.’

इथेच पहिली गोची. 1990 सालची मूळ स्विस मालिका प्लॅस्टिसिनच्या बाहुल्यांची होती. 2017 मध्ये जपानमध्ये निघालेली नवी मालिका मात्र सगळी संगणकावर केलेली, फक्त जुन्यासारखी दिसेल अशी. म्हणजे सालाशिवाय हा प्रश्न विचारूच नये. शिवाय नुसतं ‘माती’ म्हटलं की आपल्याकडच्या पोरांच्या डोळ्यांसमोर शाडू येतो. शाडू पाण्यात मळतात. दिव्यांखाली तो वाळून तडकेल. प्लॅस्टिसिन तेला-मेणात मळलेलं असतं, ते वाळत नाही. मी प्रश्नच फिरवला: ‘या बाहुल्या शाडूच्या का करत नाहीत?’

खरा घोळ चित्रांच्या आकड्याचा. ‘एका सेकंदाला किती फोटो लागतात?’ याची उत्तरं कुठे 12, कुठे 24, कुठे 25. तिन्ही आपापल्या जागी बरोबर. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा, ब्रिटिश टीव्ही 25 चित्रांचा. पण बाहुली दर चित्राला हलवतातच असं नाही. बऱ्याचदा एकाच स्थितीची दोन चित्रं वापरतात, म्हणून 12. ‘शॉन’चा भाग साधारण सात मिनिटांचा, म्हणजे 420 सेकंद. गुणिले 25 केलं की 10,500 चित्रं. सगळीकडे दोन-दोन वापरली असं धरलं, तरी बाहुली 5,250 वेळा हलवावी लागणार. म्हणून प्रश्नात ‘बाहुली किती वेळा हलवली’ आणि ‘पडद्यावर किती चित्रं दिसली’ हे वेगळं लिहिणं भाग होतं.

खात्री करायला मोबाइल स्टँडला लावून घरीच क्लेचा एक गोळा टेबलावरून सरकवत नेला. कॅमेरा ऑटोवर असला की प्रत्येक फोटोचा उजेड किंचित वेगळा येतो आणि चित्र लुकलुकतं. एक्स्पोजर लॉक केल्यावर ते थांबलं. बोटांचे ठसे मात्र गोळ्याच्या अंगावर सारखे वळवळत राहिले. त्यातूनच चित्रफितीचा प्रश्न मिळाला: ‘ही वळवळ कशामुळे?’ हा माझा सगळ्यात आवडता, कारण पाठांतराने सुटत नाही.

फेरीत सहावीतल्या एका मुलीने उलट मलाच विचारलं, “काका, मेंढी उडी मारते तेव्हा तिला धरतं कोण?” तिला सांगितलं, बाहुलीला मागून सळईचा आधार देतात. त्याच जागेचा रिकाम्या सेटचा फोटोही काढून ठेवतात आणि नंतर सळईच्या जागी त्यातला तुकडा बसवतात. तिचं पुढचं तयारच होतं: “मग सळईची सावली?”

तीही पुसावी लागते. हा प्रश्न पुढच्या वर्षीच्या संचात घेतलाय.